मीटर लावला की बॅटरी ‘लो’ दाखवते : जास्त रोधाच्या डिव्हायडरवर व्होल्टमीटरचा भार

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत, विशेषतः दिंडोरी, निफाड आणि पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात, डाऊनी आणि भुरी या रोगांचा अंदाज घेण्यासाठी छोटी हवामान केंद्रे बसवलेली दिसतात. पाने किती वेळ ओली राहिली, तापमान आणि आर्द्रता किती होती, याची नोंद ती ठेवतात. एक छोटे सौर पॅनल, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आणि मायक्रोकंट्रोलर असलेले एक बोर्ड, एवढाच त्यांचा पसारा असतो. त्यांच्या दुरुस्तीत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. बॅटरी बदलली, रेझिस्टर बदलले, काही वेळा पूर्ण बोर्ड बदलले, तरी पुढच्या तपासणीत पुन्हा ‘बॅटरी कमी’ असा संदेश येतो, आणि मल्टिमीटरने पाहिल्यावर बोर्डावरील व्होल्टेज खरोखरच कमी भरते.

या तक्रारीत बहुतेक वेळा बोर्डात कोणताही बिघाड नसतो. कमी भरलेले व्होल्टेज हे मल्टिमीटर जोडल्यामुळेच कमी झालेले असते. परंतु हे नुसते सांगून तंत्रज्ञाचे समाधान होत नाही आणि होऊही नये, कारण याच जागी अगदी हीच लक्षणे दाखवणारा खरा बिघाडही असू शकतो. म्हणून पुढे एकच परिपथ घेऊन त्यातील आकडे पूर्ण सोडवून दाखवले आहेत, आणि मीटरचा दोष व बोर्डाचा दोष वेगळे कसे ओळखावेत ते त्याच आकड्यांवरून सांगितले आहे.

परिपथ असा आहे. बॅटरीच्या धन टोकापासून ३.३ मेगाओहमचा एक रेझिस्टर निघतो, त्याला एकसर जोडणीत १ मेगाओहमचा दुसरा रेझिस्टर असतो आणि त्याचे खालचे टोक ग्राउंडला जाते. दोघांच्या मधला बिंदू मायक्रोकंट्रोलरच्या ॲनालॉग पिनेला जोडलेला असतो, आणि त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर असतो. मायक्रोकंट्रोलर ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याला १२ व्होल्ट थेट देता येत नाहीत. रेझिस्टरांची ही जोडी म्हणजेच डिव्हायडर. तो बॅटरीच्या व्होल्टेजचा ४.३ वा भाग मायक्रोकंट्रोलरपुढे ठेवतो आणि प्रोग्रॅम वाचलेल्या आकड्याला पुन्हा ४.३ ने गुणतो. बॅटरी १२.९ व्होल्टवर असेल तर मधल्या बिंदूवर बरोबर ३.० व्होल्ट असायला हवेत. गुणाकार करून आलेला आकडा १२.० च्या खाली गेला की बोर्ड शेतकऱ्याच्या मोबाईलवर इशारा पाठवते.

आता तंत्रज्ञ चांगल्या प्रतीचा डिजिटल मल्टिमीटर त्या मधल्या बिंदूवर लावतो. अशा मीटरचा डीसी व्होल्ट रेंजवरील अंतर्गत रोध बहुधा १० मेगाओहम असतो. मीटर ग्राउंड आणि मधला बिंदू यांच्यामध्ये जोडला, म्हणजे तो १ मेगाओहमच्या रेझिस्टरशी समांतर आला. १ आणि १० मेगाओहम समांतर असताना मिळून होणारा रोध ०.९०९ मेगाओहम भरतो. डिव्हायडरचा खालचा हात असा लहान झाल्यामुळे मधल्या बिंदूवरील व्होल्टेज ३.० वरून २.७९ वर येते. मीटर खोटे बोलत नाही, त्या क्षणी तिथे खरोखरच २.७९ व्होल्ट असतात. मीटर काढताच तिथे पुन्हा ३.० व्होल्ट होतात, पण ते पाहायला तेव्हा मीटर नसतो.

खरी गंमत पुढे आहे. मायक्रोकंट्रोलर त्याच बिंदूवरून व्होल्टेज वाचत असतो. मीटर लागलेला असेपर्यंत त्यालाही २.७९ व्होल्टच दिसतात, तो त्यांना ४.३ ने गुणतो आणि बॅटरी ११.९८ व्होल्टवर आहे असे ठरवतो. १२.० ची मर्यादा ओलांडली गेली, इशारा गेला. तंत्रज्ञाच्या हातातील मीटर कमी दाखवतो, बोर्डाचा पडदा कमी दाखवतो आणि बागायतदाराच्या मोबाईलवरही तेच येते. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असल्याने बॅटरी खराब आहे याबद्दल शंका उरत नाही. मात्र हे तिन्ही साक्षीदार एकाच बिंदूवरून बोलत आहेत, आणि त्या बिंदूला मीटरने आधीच खाली ओढलेले आहे.

काट्याचा मीटर वापरला तर हाच परिणाम कितीतरी मोठा होतो. अशा मीटरच्या तबकडीवर बहुधा २०,००० ओहम प्रति व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजेच पूर्ण काटा फिरण्यासाठी त्याला ५० मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो. १० व्होल्टच्या रेंजवर त्याचा एकूण रोध २०० किलोओहम होतो आणि आपल्या बिंदूवर तो अवघे ०.६२ व्होल्ट दाखवतो. ५० व्होल्टच्या रेंजवर त्याचा रोध १ मेगाओहम होतो आणि तोच बिंदू १.७ व्होल्टच्या आसपास दिसतो. २.५ व्होल्टच्या रेंजवर, जिथे काटा सर्वांत बारीक वाचता यायला हवा, तिथे रोध ५० किलोओहमपर्यंत उतरतो आणि काटा ०.१८ वर थांबतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त डिजिटल मीटरांचा रोधही १ मेगाओहमच असतो, त्यामुळे पडद्यावर आकडे असले तरी ते या बिंदूवर १.७० व्होल्टच दाखवतील. मीटर डिजिटल आहे एवढ्यावरून त्याचा रोध जास्त असेलच असे धरू नये.

आपल्या मीटरचा रोध माहितीपुस्तिकेत सापडला नाही तर तो काढणे सोपे आहे. साधी ९ व्होल्टची बॅटरी घ्यावी, ती मीटरने थेट मोजावी, आणि नंतर धन प्रोब व बॅटरी यांच्यामध्ये १० मेगाओहमचा रेझिस्टर घालून पुन्हा मोजावी. थेट ९.२ आणि रेझिस्टरमधून ४.६ आले, तर मीटरचा रोध १० मेगाओहम आहे. रेझिस्टरमधून ०.८४ आले, तर तो १ मेगाओहम आहे. मीटर आपली रेंज आपोआप बदलत असेल, तर ज्या रेंजवर काम करायचे आहे ती हाताने पक्की करून ही मोजणी करावी, कारण काही मीटरांत वेगवेगळ्या रेंजवर रोध थोडा वेगळा असतो.

ऑसिलोस्कोपबद्दलही सावध राहावे लागते. मीटरवर विश्वास बसत नाही म्हणून काही जण स्कोप जोडतात, परंतु एकपट प्रोब लावलेल्या स्कोपचा रोध १ मेगाओहमच असतो, म्हणजे तो या बिंदूवर चांगल्या मीटरपेक्षा वाईट साक्षीदार ठरतो. दहापट प्रोब लावल्यावर तो १० मेगाओहम होतो, म्हणजे फार तर मीटरच्या बरोबरीला येतो.

किती फरक पडेल हे आधीच सांगता येते, आणि त्यासाठी पूर्ण परिपथ सोडवावा लागत नाही. मधल्या बिंदूवरून पाहिले असता बॅटरीचा स्वतःचा रोध नगण्य असल्यामुळे दोन्ही रेझिस्टर एकमेकांना समांतर दिसतात. ३.३ आणि १ मेगाओहम समांतर घेतले की ०.७६७ मेगाओहम येतात. १८८३ मध्ये मांडलेल्या थेव्हेनिनच्या प्रमेयाचा हा सर्वांत सरळ उपयोग आहे: संपूर्ण डिव्हायडर म्हणजे ३.० व्होल्टचा एक आदर्श स्रोत आणि त्याच्याशी एकसर ०.७६७ मेगाओहम, एवढेच समजायचे. मीटर लावल्यावर दिसणारे व्होल्टेज पुढीलप्रमाणे ठरते.

```
V = V0 × Rm / (Rm + Rth)
```

येथे `V0` हे मीटर नसतानाचे व्होल्टेज, `Rm` हा मीटरचा रोध आणि `Rth` हा बिंदूवरून दिसणारा रोध आहे. १० मेगाओहमचा मीटर असताना गुणक ०.९२९ येतो, म्हणजे आकडा सुमारे ७.१ टक्क्यांनी कमी पडतो. एक टक्क्याच्या आत राहायचे असेल तर मीटरचा रोध बिंदूच्या रोधाच्या निदान शंभरपट हवा. आपल्या बिंदूसाठी तो साधारण ७६ मेगाओहम येतो आणि हातात धरायच्या सामान्य मीटरांत तो मिळत नाही. दहापट पुरते असा समज दुरुस्तीच्या दुकानांत रूढ आहे, पण दहापटीला चूक नऊ टक्क्यांची असते, आणि बॅटरीच्या बाबतीत नऊ टक्के म्हणजे भरलेली आणि रिकामी यांच्यातील जवळजवळ संपूर्ण अंतर.

मीटरच भार टाकतो आहे का, हे ओळखण्याची पहिली खूण बोर्डाच्या पडद्यावरच मिळते. बोर्डावर बॅटरीचे व्होल्टेज दिसत असेल किंवा लॅपटॉपवर नोंद येत असेल, तर प्रोब लावण्यापूर्वीचा आणि लावल्यानंतरचा आकडा पाहावा. १२.९ चा आकडा प्रोब टेकताच ११.९८ झाला आणि प्रोब उचलताच परत वर गेला, तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. पडदा नसेल तर तशाच दुसऱ्या मीटरची मदत घ्यावी. पहिला मीटर २.७९ दाखवत असताना दुसरा मीटर त्याच बिंदूवर समांतर लावावा. पहिल्याचा आकडा २.६० वर घसरला तर बिंदूचा रोध जास्त आहे आणि पहिल्या मीटरनेही असाच परिणाम केलेला आहे. बॅटरीच्या टोकांवर हाच प्रयोग केला तर आकडा हलत नाही. काट्याच्या मीटरवाल्यांना दुसऱ्या मीटरचीही गरज नाही. रेंज बदलल्यावर व्होल्टेज बदलत असेल, म्हणजे १० वर ०.६२ आणि ५० वर १.७ असे काही येत असेल, तर ते व्होल्टेज मीटरच ठरवतो आहे.

दुसऱ्या मीटरच्या प्रयोगातून खरे व्होल्टेजही काढता येते, आणि त्यासाठी रेझिस्टरांच्या किमती माहीत असण्याची गरज नाही. दोन्ही मीटरांचा रोध सारखा असेल, तर एका मीटरने आलेला आकडा `Va` आणि दोन मीटर लागले असताना आलेला आकडा `Vb` धरून पुढील सूत्र वापरावे. दुसरा मीटर नसल्यास मीटरच्या रोधाइतक्याच किमतीचा, म्हणजे येथे १० मेगाओहमचा, रेझिस्टर प्रोबांच्या टोकांना समांतर लावला तरी चालते.

```
V0 = (Va × Vb) / (2 × Vb − Va)
```

२.७८६ आणि २.६०१ हे आकडे घातले की उत्तर ३.० व्होल्ट येते. काट्याच्या मीटरच्या दोन रेंज वापरूनही असेच गणित मांडता येते, परंतु तिथे मी त्यावर विसंबत नाही. ५० व्होल्टच्या पट्टीवर एक घर १ व्होल्टचे असते, १.७ च्या जागी डोळ्याला १.५ दिसले, तर ३.० ऐवजी २.३ च्या आसपास उत्तर येते. वाचनातली लहान चूक गणितात मोठी होते.

या प्रकरणात आणखी एक बारकावा आहे, जो तपासणीचा तक्ता भरताना फार उपयोगी पडतो. त्याच मीटरने वरच्या ३.३ मेगाओहमच्या रेझिस्टरवरील व्होल्टेज मोजले तर ९.९ ऐवजी ९.१९ येते. ९.१९ आणि २.७९ यांची बेरीज ११.९८ होते, तर बॅटरीच्या टोकांवर १२.९ आहेत. एकसर जोडणीतील दोन भागांची बेरीज पूर्णाशी जुळत नाही, हे भाराचे ठळक लक्षण आहे. शिवाय दोन्ही वाचने सारख्याच प्रमाणात कमी झालेली आहेत, कारण कोणत्याही एका रेझिस्टरवर मीटर ठेवला तरी तिथून दिसणारा रोध तोच ०.७६७ मेगाओहम असतो. म्हणून बेरजेला बॅटरीच्या व्होल्टेजने भागावे, ०.९२९ हा गुणक मिळतो, आणि २.७९ ला त्याने भागले की खरे ३.० व्होल्ट हाती लागतात. ही युक्ती फक्त दोन रेझिस्टरांच्या साध्या डिव्हायडरसाठी आहे. मधल्या बिंदूवरून दुसरीकडे लक्षणीय प्रवाह जात असेल तर तिथेही गुणक मिळतो, पण मिळणारे उत्तर त्या प्रवाहासह असते, हे लक्षात ठेवावे.

रेझिस्टर विनाकारण का बदलले जातात, याचेही स्पष्टीकरण इथेच द्यायला हवे. व्होल्टेज कमी दिसले की तंत्रज्ञ बॅटरी काढतो आणि मीटर ओहमवर ठेवून १ मेगाओहमचा रेझिस्टर बोर्डावरच तपासतो. मीटर सुमारे ७६७ किलोओहम दाखवतो. रेझिस्टर उतरला, असा निष्कर्ष निघतो आणि तो बदलला जातो. नवा लावूनही तेच आले की बोर्ड संशयित ठरते. वास्तविक बॅटरी काढल्यावर ३.३ मेगाओहमचे वरचे टोक बोर्डाच्या बाकीच्या भागातून ग्राउंडला कमी रोधाने जोडलेले राहते, त्यामुळे मीटरला दोन्ही रेझिस्टर समांतर दिसतात. ३.३ आणि १ समांतर म्हणजे ०.७६७, तोच आकडा. रेझिस्टरचे एक टोक सोडवल्याशिवाय त्याची किंमत मानू नये. मायक्रोकंट्रोलरच्या पिनेतील संरक्षक डायोडही ओहमच्या मोजणीत मध्ये येतात. लाल आणि काळा प्रोब अदलाबदल करून आकडा बदलला, तर तो आकडा रेझिस्टरचा एकट्याचा नाही हे पक्के.

मीटर न बदलता अचूक मोजायचेच असेल, तर बारावीच्या भौतिकशास्त्रातील पोटेन्शिओमीटरची पद्धत बाकावर सहज जमते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १० किलोओहमचा अनेक फेऱ्यांचा प्रीसेट जोडावा, बॅटरीचे ऋण टोक बोर्डाच्या ग्राउंडला जोडावे आणि मीटरचा एक प्रोब प्रीसेटच्या मधल्या पायावर, दुसरा डिव्हायडरच्या बिंदूवर ठेवावा. प्रीसेट फिरवत मीटर शून्यावर आणावा. आधी व्होल्टच्या आणि मग मिलिव्होल्टच्या रेंजवर. दोन्ही बाजूंना सारखे व्होल्टेज असताना मीटरमधून प्रवाह वाहत नाही, आणि प्रवाह नाही म्हणजे भारही नाही. त्यानंतर तोच मीटर प्रीसेटच्या मधल्या पायापासून ग्राउंडपर्यंत लावून व्होल्टेज वाचावे. प्रीसेटच्या पायावरून दिसणारा रोध जास्तीत जास्त २.५ किलोओहम असल्यामुळे १० मेगाओहमचा मीटर तिथे काहीच बिघडवत नाही. शून्यापाशी १ मिलिव्होल्टचा फरक राहिला तरी बिंदूवर होणारी चूक एका मिलिव्होल्टच्याही आत असते. प्रीसेट हलवत असताना मात्र बिंदूत थोडा प्रवाह जातो, त्यामुळे या वेळी बोर्डाने इशारा पाठवला तर त्याकडे दुर्लक्ष करावे. काही बेंच मीटरांत १० व्होल्टपर्यंतच्या रेंजवर १० गिगाओहमहून जास्त रोध निवडता येतो, परंतु तो मेनूमधून निवडावा लागतो. चालू केल्यावर मीटर बहुधा १० मेगाओहमवरच असतो. असा रोध निवडलेला असताना प्रोब मोकळे ठेवले तर आकडे इकडेतिकडे भरकटतात, तो बिघाड नव्हे.

काही मीटरांत कमी रोधाची खास रेंज असते आणि ती नेमकी उलट कामासाठी असते. घराच्या वायरिंगमध्ये शेजारच्या तारेमुळे उगाच दिसणारे व्होल्टेज गाळण्यासाठी मीटर तेव्हा मुद्दाम काही किलोओहमांचा भार टाकतो. ती रेंज चुकून निवडलेली राहिली, तर आपल्या बिंदूवर काही मिलिव्होल्टच दिसतील आणि ट्रॅक तुटला असे वाटेल.

हे सर्व तपासून झाल्यावरही खरा बिघाड उरतो तो गळतीचा. बागेत बोर्डाची पेटी बोर्डो मिश्रणाच्या आणि इतर औषधांच्या फवाऱ्याजवळ असते. पेटीचे रबर सैल झाले की आत दमटपणा आणि क्षार जातात, आणि सोल्डरिंगचे उरलेले फ्लक्स ओले झाले की मधल्या बिंदूपासून ग्राउंडपर्यंत मेगाओहमांतला एक अदृश्य रेझिस्टर तयार होतो. तो १० मेगाओहमचा असेल तर परिणाम तंतोतंत मीटरसारखा, म्हणजे बोर्ड १२.९ च्या बॅटरीला ११.९८ म्हणते. फरक ओळखायची जागा एकच आहे: मीटर या बिंदूला लावायचाच नाही. मीटर बॅटरीच्या टोकांवर ठेवावा, तिथे भाराचा प्रश्न येत नाही, आणि त्याच वेळी बोर्ड काय दाखवते ते पाहावे. मीटर १२.९ आणि बोर्डही १२.९ म्हणत असेल, तर डिव्हायडर निर्दोष आहे आणि बिंदूवर दिसलेले २.७९ मीटरचे आहे. मीटर १२.९ आणि बोर्ड १२ च्या आसपास म्हणत असेल, तर बोर्डावर गळती आहे किंवा रेझिस्टर खरोखर बदललेला आहे. गळतीची आणखी एक खूण म्हणजे पहाटे दव असताना फरक जास्त आणि दुपारी ऊन लागल्यावर कमी असणे. मात्र पहाटे बॅटरीही स्वाभाविकपणे थोडी खाली असते, म्हणून तुलना नेहमी त्याच क्षणीच्या टोकांवरील व्होल्टेजशी करावी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुऊन, पूर्ण वाळवून फरक गेला तर निदान पक्के होते. नंतर संरक्षक लॅकरचा थर द्यावा आणि पेटीचे रबर बदलावे.

तपासणीत बोटांचाही विचार करावा. दोन्ही प्रोबांची धातूची टोके बोटांत धरून बिंदूवर टेकवली, तर शरीराचा रोध मीटरशी समांतर येतो आणि पावसाळ्यात ओल्या हातांनी तो काहीशे किलोओहमांपर्यंत येऊ शकतो. क्लिपची टोके वापरली की हा घोळ राहत नाही.

माझ्या मते या परिपथात खरी दुरुस्ती डिव्हायडरचीच करायला हवी. ३.३ आणि १ मेगाओहम निवडणाऱ्याने बॅटरी वाचवण्याचा विचार केला, त्यातून डिव्हायडरचा प्रवाह ३ मायक्रोअँपिअर एवढा कमी ठेवला. परंतु ७ अँपिअर-तासांच्या आणि रोज सौर पॅनलवर भरणाऱ्या बॅटरीसाठी एवढी काटकसर अनाठायी आहे. त्याऐवजी ३३० आणि १०० किलोओहमचे, एक टक्का सहनमर्यादेचे रेझिस्टर घातले तर गुणोत्तर तेच राहते, प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही, आणि प्रवाह ३० मायक्रोअँपिअर होतो. महिनाभरात तो बॅटरीतून सुमारे २२ मिलिअँपिअर-तास घेतो. बिंदूवरून दिसणारा रोध ७७ किलोओहमवर येतो. १० मेगाओहमचा मीटर लावला तरी चूक पाऊण टक्क्याची राहते, म्हणजे बोर्ड १२.९ ऐवजी १२.८ दाखवते आणि इशारा जात नाही. बोर्डावर दमटपणामुळे तेवढीच गळती आली तरी परिणाम तेवढाच किरकोळ राहतो. पिनेवरील ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र काढू नये, कारण अनेक मायक्रोकंट्रोलरांच्या ॲनालॉग पिनेला १० किलोओहम किंवा त्याहून कमी रोधाचा स्रोत अपेक्षित असतो आणि नमुना घेताना लागणारा क्षणिक प्रवाह हा कपॅसिटरच पुरवतो. जिथे काडीएवढ्या बॅटरीवर वर्षभर चालायचे असल्यामुळे मेगाओहम टाळताच येत नाहीत, तिथे मधल्या बिंदूनंतर अत्यल्प प्रवाह घेणारा सीमॉस ऑप-ॲम्प फॉलोअर म्हणून घालावा आणि मोजमाप त्याच्या आउटपुटवर करावे. त्याने मीटरचा भार सुटतो, पण त्याच्या इनपुटपर्यंतच्या ट्रॅकवरील गळती तशीच राहते, त्यामुळे तो भाग धुऊन लॅकर द्यावाच लागतो.

रेझिस्टर बदलणे शक्य नसेल, तर निदान तपासणीच्या तक्त्यात त्या बिंदूसमोर केवळ ‘३.० व्होल्ट’ असे लिहू नये. जुन्या रेडिओच्या सर्व्हिस नकाशांत व्होल्टेजबरोबर ते किती ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने मोजले तेही दिलेले असे. त्याच धर्तीवर ‘बॅटरी १२.९ असताना १० मेगाओहमच्या मीटरने २.७९, १ मेगाओहमच्या मीटरने १.७०’ अशी नोंद पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली, तर नाशिकच्या अंबडहून गेलेला तंत्रज्ञ कोणताही मीटर घेऊन पोहोचला तरी त्याला कोणता आकडा निर्दोष मानायचा ते तिथेच कळते.